एकशे चौदा जणांचा जिना

तलासरीच्या शिबिरात अकरा महिन्यांत पायाचे दिव्यांगत्व असलेले एकशे चौदा अर्जदार तपासले गेले. एकशे चौदाही जण जिना चढू शकत होते. त्यांपैकी एकालाही गुडघे टेकता येत नव्हते आणि एकालाही उकिडवे बसता येत नव्हते. तिघांना दोन्ही पाय नव्हते.

ही नोंद निधी सावेच्या हाती लागली तेव्हा ती अशी नोंद शोधत नव्हती. ती शोधत होती एक टक्का.

निधी दिव्यांगत्व मंडळाकडे ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून रुजू होऊन सात आठवडे झाले होते. मंडळाची खोली डहाणूत होती; खोलीत दोन कपाटे, एक तपासणीचे टेबल आणि 'कृपया शांतता राखा' अशी पाटी होती, जी वाचून लोक आवाज चढवून त्या पाटीविषयीच बोलत. त्या मंगळवारी संगिता वरठा आईसोबत तिथे आली. वय एकोणतीस, डावा पाय लहानपणी पोलिओने गेलेला, बारावी पास, टंकलेखनाच्या दोन परीक्षा पास. चालताना ती डाव्या हाताने मांडी मागे दाबून धरी आणि मग पाऊल टाकी. हातात दोन कागद होते. एकात लिहिले होते की कनिष्ठ लिपिकाच्या दिव्यांग राखीव जागेसाठी तिची निवड झाली असून पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी मूळ प्रमाणपत्रे तपासली जातील. दुसऱ्यात लिहिले होते की तिचे दिव्यांगत्व एकोणचाळीस टक्के आहे. राखीव जागेला चाळीस लागतात.

"एक टक्क्यासाठी पुन्हा तपासणीचा अर्ज केलाय, मॅडम," संगिता म्हणाली. "लोक हसतात. म्हणतात, अजून जरा लंगडून दाखवायचं होतंस."

"दाखवलं नाय तिनं," आई जमना म्हणाली. "आमची पोर ताठ उभी राहिली डॉक्टरपुढं. मी धरलेली ना."

निधीने हे शेवटचे वाक्य ऐकले, पण त्या दिवशी ते तिच्या कानावरून गेले. नंतर तिला याचे फार वाईट वाटले, कारण उत्तर तेव्हाच टेबलावर ठेवले गेले होते.

तिने संगिताचा तलासरीच्या शिबिरातला जुना तक्ता काढला. पायाचे मोजमाप दोन भागांत होते. पहिल्या भागात सांधे किती वळतात आणि स्नायूंत किती जोर उरला आहे हे डॉक्टर स्वतः तपासतात. दुसऱ्या भागात शरीर तोल कसा सांभाळते ते नऊ कृतींवरून ठरते: सपाटीवर चालणे, उतारावर चालणे, जिना चढणे, दोन्ही पायांवर उभे राहणे, दुखऱ्या पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालून बसणे, गुडघे टेकणे आणि वळणे. जी कृती जमत नाही तिचे दहा गुण हानी म्हणून धरायचे. मग दोन्ही भाग सरळ न मिळवता एका सूत्राने एकत्र करायचे. संगिताच्या पहिल्या भागाची हानी चोवीस होती, दुसऱ्याची वीस. सूत्रातून अडतीस पूर्णांक सहासष्ट आले आणि कागदावर एकोणचाळीस झाले. गणित बरोबर होते. निधीने ते तीनदा करून पाहिले, कारण चुकीचे गणित ही सर्वांत स्वस्त चूक असते आणि ती आधी शोधावी, असे तिचे शिक्षण सांगे.

गणित बरोबर निघाल्यावर तिने शेजारचा तक्ता पाहिला. वीस. त्याच्या खालचा. वीस. संध्याकाळपर्यंत तिने एकशे चौदा तक्ते पाहिले. सगळ्यांची हानी वीस होती, आणि ती त्याच दोन कृतींतून आली होती. पहिल्या भागाचे आकडे मात्र माणसांच्या पायांसारखेच एकमेकांपासून वेगळे होते.

"हे चांगलं लक्षण आहे," मंडळाचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. देवेश चुरी म्हणाले. ते तलासरीच्या शिबिरात एका दिवसात साठ माणसे तपासत आणि त्यानंतर कोणत्याही विधानाशी वाद घालायची ताकद त्यांच्यात उरत नसे. "आकडे सारखे येतात म्हणजे पद्धत पक्की बसली आहे."

"सर, माणसं वेगळी आणि आकडा एकच, म्हणजे आपण माणसं मोजतच नाही आहोत. पद्धतच स्वतःला मोजते आहे."

"तीन जणांना पाय नाहीत म्हणतेस, त्यांचं नुकसान झालं का?"

"नाही. दोन्ही पाय तुटलेल्यांचे टक्के वेगळ्या कोष्टकातून येतात. त्यांना हा भाग लागूच होत नाही."

"मग?"

"म्हणूनच अकरा महिने कुणाला दिसलं नाही. ज्यांच्याबाबतीत ही नोंद हास्यास्पद आहे, त्यांना तिनं काही होत नाही. ज्यांना होतं, त्यांच्याबाबतीत ती खरी वाटते."

डॉ. चुरींनी चष्मा काढून पुसला. "गुरुवारी शिबिर आहे. जाऊन बघ. पण तिथल्या मदतनिसाला, प्रविणला, दुखवू नकोस. तो गेला तर शिबिर बंद पडेल."

जाण्यापूर्वी तिने संगणक स्वतःच आकडा भरतो का, ही शंका फेडून घेतली. नोंदी भरणारा नविन म्हणाला, "रिकामी चौकट ठेवली तर हा पुढं सरकतच नाही, मॅडम. भरून घेतो, पण माझ्याच हातून. आणि मी भरतो ते प्रविणभाऊंच्या कागदावरून. माझा संगणक बुद्धू आहे. खोटं बोलायला अजून शिकला नाही." निधीने एक चौकट रिकामी ठेवून तक्ता भरून पाहिला. संगणक खरोखरच अडून बसला. दुसरी स्वस्त चूकही बाद झाली.

शिबिर तलासरीत महामार्गापासून आत, एका सभागृहात भरत असे. इमारत एकमजली होती. दारात उंबरठाही नव्हता. निधी आत शिरताच थबकली: जिथे एकशे चौदा जण जिना चढले होते, तिथे जिना नव्हता.

"आहे ना," प्रविण म्हणाला. तो शिबिराचा मदतनीस, पन्नाशीचा, बाह्या दुमडलेला, एका वेळी तीन माणसांशी बोलणारा. त्याने चादर बाजूला केली. खाली सागाच्या लाकडाचा घोडा होता: तीन पायऱ्या, वर चौकोनी फळी, रंधा मारून गुळगुळीत केलेला. "वरून आदेश आला, जिना चढवून बघा. इथं जिना कुठला? मग सुताराकडून करून घेतला. कडेला खिळा लागू नये म्हणून मी स्वतः घासलाय."

घोड्याला कठडा नव्हता. निधीने तसे विचारले.

"कठडा कशाला? मी आहे ना."

पहिले अर्जदार तुक्या करबट होते. ट्रकच्या अपघातात दोन्ही पाय मांडीपासून गेलेले. जुना कागद देऊन नवे कार्ड घ्यायला ते चाकांच्या पाटावर बसून आले होते. प्रविणने त्यांच्या काखेत हात घातले, पुतण्याने कमरेला धरले, आणि 'एक, दोन, तीन' म्हणत दोघांनी त्यांना प्रत्येक पायरीवर क्षणभर टेकवत वर नेले. वर पोचल्यावर तुक्यांनी सभागृहाकडे नजर फिरवली.

"पाच वर्षांत चढलो तो एवढाच जिना," ते म्हणाले. "इथून पंखा जवळ दिसतो."

प्रविणने कागदावर 'जिना चढणे' या ओळीपुढे टिक मारली. 'वळणे' या कृतीसाठी त्याने तुक्यांना खांदे धरून गर्रकन एक फेरी दिली आणि पुन्हा टिक मारली. तुक्यांनी विचारले, "दुसऱ्या बाजूनंही फिरवता का? नाहीतर घेरी उतरणार नाय." त्याने तेही केले.

पुढची अर्जदार एक म्हातारी होती. 'दुखऱ्या पायावर उभे राहणे' यासाठी मुलीने एक बाजू धरली, सुनेने दुसरी, आणि प्रविणने पाठीला हात लावला. चौघांचे मिळून सात पाय जमिनीवर होते. आठवा, म्हणजे म्हातारीचा बरा पाय, उचललेला होता. टिक. कुणी घाई करत नव्हते, कुणी कुणावर ओरडत नव्हते. वाट पाहणारे लोक उठून हात लावायला पुढे येत. बसथांब्यावर गाठोडे डोक्यावर चढवायला कुणी मदत मागत नाही आणि कुणी ती न देता जात नाही, तसेच इथे होते. निधीने एवढी सभ्य तपासणी कधी पाहिली नव्हती. तपासणी म्हणून तिची किंमत शून्य होती.

"प्रविणभाऊ, त्या एकट्या उभ्या राहतात का, हे बघायचं असतं."

"एकट्या कशा राहतील? पडतील ना."

"तेच लिहायचं असतं."

प्रविणने तिच्याकडे असे पाहिले की जणू तिने म्हातारीला ढकलायला सांगितले होते. "मॅडम, लोक वीस-वीस किलोमीटरवरून येतात. उपाशी येतात. त्यांना सरकारसमोर पाडायचं? माझ्या हातून या अकरा महिन्यांत एक माणूस पडलेला नाही. कुणालाही विचारा."

तिला विचारायची गरज नव्हती. तेच तर तक्त्यात लिहिले होते.

उरल्या दोन कृती. गुडघे टेकणे आणि उकिडवे बसणे यांच्या ओळींपुढे प्रविण कुणालाही काही करायला न सांगता सरळ फुली मारत होता.

"हे करून का बघत नाही?"

त्याने आवाज खाली आणला. "डॉक्टरसाहेब खुर्चीत बसलेत. त्यांच्यासमोर गुडघे टेकायला कसं सांगू? आपली माणसं आहेत, काय कैदी आहेत? आणि बायामाणसांना चार जणांत उकिडवं बसा म्हणायचं? मी ते सांगत नाही. जमत नाही असं लिहितो. कुणाचं काय जातं?"

कुणाचे काय जाते, याचे एक उत्तर त्याच वेळी खिडकीबाहेर उकिडवे बसून चहा पीत होते. ते होते रूपेश. घोटा किंचित अडकलेला, गेल्या वर्षीचे प्रमाणपत्र त्रेचाळीस टक्क्यांचे. ते शेजाऱ्याला सोबत म्हणून आले होते. निधीची आणि त्यांची नजरानजर झाली. रूपेश हळूच उठून उभे राहिले, मग विचार करून भिंतीला टेकले.

"बसा, बसा," निधी म्हणाली. "चहा सांडेल."

"नको मॅडम. कागदावर मला बसता येत नाय."

संगिताची पुनर्तपासणी सोमवारी डहाणूत ठेवली गेली. मुदतीला पाच दिवस उरले होते. त्या इमारतीला खरा जिना होता, सोळा पायऱ्यांचा, एका बाजूला कठडा असलेला, आणि मागच्या फाटकाकडे जाणारा खरा उतारही. निधीने प्रविणला मुद्दाम बोलावून घेतले होते. डॉ. चुरी खुर्ची सोडून जिन्याखाली उभे राहिले, ही त्या दिवसाची पहिली नवलाई होती.

अडचण संगितानेच आणली. "मी चढते, मॅडम. न धरता. क्लार्कची नोकरी आहे, ऑफिस वरच्या मजल्यावर असलं तर? जमत नाय असं लिहिलंत तर ते म्हणतील, हिला घेऊन काय करू?"

"जे जमतं तेही लिहिणार आहे," निधी म्हणाली. "टायपिंग किती वेळ बसून करता?"

"तीन तास. चार तास."

"ते लिहिते. पण पाय काय करतो ते पायाला सांगू दे. तुम्ही त्याची बाजू मांडू नका, मीही मांडणार नाही."

जमना तोवर मुलीच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली होती. निधीने तिला मागे घेतले. ती परत गेली. पुन्हा घेतले, ती पुन्हा गेली. तिच्या हाताला याची कल्पनाही नसावी. एकोणतीस वर्षे तो त्याच उंचीवर तयार असे. शेवटी निधीने जमनाच्या एका हातात भरलेला चहाचा पेला दिला आणि दुसऱ्या हातात दुसरा भरलेला पेला दिला. प्रविणने ते पाहिले, आपले दोन्ही हात पाठीमागे नेले आणि नविनला म्हणाला, "धरून ठेव रे." नविनने धरले. अशा रीतीने मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा एका व्यक्तीची तपासणी होण्यासाठी दोन व्यक्तींना अडकवून ठेवावे लागले.

निधी संगिताच्या अगदी मागे उभी राहिली. पडलीच तर सावरायचे, तोवर शिवायचे नाही.

संगिताने कठडा न धरता उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला. डावा उचलला. मांडीवर हात दाबला. गुडघा आत मोडला, शरीर डावीकडे कलले, आणि जमनाच्या दोन्ही पेल्यांतला चहा जमिनीवर आला. संगिताने कठडा पकडला. निधीचा हात तिच्या पाठीपासून चार बोटांवर थांबला होता. तो पुढे जायला फार उत्सुक होता. निधीला प्रविण समजला तो त्या चार बोटांत.

"थांबायचं का?" तिने विचारले.

"नाय," संगिता म्हणाली, आणि कठड्याला ओढ देत, एकेका पायरीवर दोन्ही पाय आणत वर गेली. सोळा पायऱ्यांना एक मिनिट बावन्न सेकंद लागले. वर पोचून ती भिंतीला टेकली. खाली यायला त्याहून जास्त वेळ लागला.

"तर," डॉ. चुरी म्हणाले, "चढते की नाही चढत?"

"सर, या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर दिलं की आपण परत तलासरीला पोचतो." निधीने लिहिलेले वाचून दाखवले. "आधाराशिवाय पहिल्याच पायरीवर डावा गुडघा मोडला. कठडा धरून, हाताने मांडी दाबून, एका वेळी एक पायरी. सोळा पायऱ्या, एकशे बारा सेकंद. त्यानंतर तीन मिनिटे विश्रांती लागली. कोणीही मदत केली नाही."

डॉ. चुरींनी तक्त्यावर पेन टेकवले. "आधाराशिवाय नाही," ते म्हणाले. "दहा."

उतारावर ती दोन पावलांत थांबली आणि बाजूचा गज धरला. डाव्या पायावर एकटी उभी राहू शकली नाही. उकिडवी बसायला गेली ती पाठीवर आली. सपाटीवर चालली, वळली, मांडी घालून बसली, दोन्ही पायांवर उभी राहिली. मग निधीने गुडघे टेकायला सांगितले, तेव्हा प्रविणने मान दुसरीकडे फिरवली. संगिताने उजव्या पायावर भार घेतला, जमिनीला हात लावला आणि दोन्ही गुडघ्यांवर सरळ बसली.

"चूल अशीच फुंकते," ती म्हणाली. "उकिडवं बसता येत नाय म्हणून."

तिला खरोखर जमणारी ही गोष्ट सरकारी कागदावर अकरा महिन्यांतल्या कुठल्याही माणसाला जमलेली नव्हती.

चार कृतींची हानी चाळीस. आधीच्या चोवीसशी सूत्राने एकत्र करून त्रेपन्न. सर्वांनी त्याच दिवशी सही केली आणि बुधवारी प्रमाणपत्र आले. शनिवारी संगिताने ते पडताळणीच्या टेबलावर ठेवले. तिथल्या कारकुनाने त्रेपन्न हा आकडा पाहिला, यादीवर खूण केली आणि पुढचे नाव पुकारले. वर्णनाच्या ओळी त्याने वाचल्या नाहीत. त्याला त्या वाचायची गरज नव्हती. आकडा ठरण्याआधी त्या कुणीतरी वाचणे गरजेचे होते.

प्रविण त्या सोमवारनंतर दोन दिवस निधीशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने फोन केला. "घोड्याला कठडा लावायला दिलाय," तो म्हणाला. "आणि बायांसाठी आतली खोली, पडदा लावून. तिथं सुनिता नर्स असेल. उकिडवं बसायचं तिच्यासमोर. चालेल?"

"चालेल. आणि तुम्ही?"

"मी दाराबाहेर थांबेन. आत असलो तर हात जातो."

बाकी एकशे तेरा जणांना आणि त्या गुरुवारी तपासलेल्यांनाही पत्रे गेली. पायांनी नसले तरी पाटावरून तुक्याही आले, आणि यावेळी त्यांना घोड्यावर चढवले नाही म्हणून त्यांनी तक्रार नोंदवली. रूपेशही आले. सगळ्यांसमोर उकिडवे बसले, गुडघेही टेकले, आणि त्यांचे त्रेचाळीस टक्के तीस झाले. "मला ठाऊकच होतं," ते निधीला म्हणाले. रागाने नव्हे, त्यांना परत चहा नीट बसून पिता येणार होता. तरी ती रात्रभर त्यांच्याविषयी विचार करत राहिली. पुराव्यावर काढलेला निर्णय आपल्याला आवडेल त्या बाजूचाच निघेल, अशी कुणी हमी दिलेली नसते.

महिन्याच्या अखेरीस तिने जिल्ह्याला अहवाल पाठवला. डॉ. चुरींनी मसुद्यातली दोन विशेषणे खोडली, आणि ती खोडणे योग्य होते. शेवटचा परिच्छेद तसाच राहिला:

'तलासरी शिबिरातील एकशे चौदा तक्त्यांमध्ये स्थैर्याची हानी सर्वत्र वीस नोंदली गेली, याचे कारण असे. अर्जदाराला ज्या सात कृतींत हात देता येतो त्या नातेवाईक व मदतनीस यांनी त्याच्याकडून करवून घेतल्या आणि त्या त्याला जमतात असे नोंदले. ज्या दोन कृती करायला सांगणे अपमानाचे वाटले त्या कोणालाच करायला सांगितल्या नाहीत आणि त्या जमत नाहीत असे नोंदले. कृती झाली की नाही एवढेच तक्त्यात विचारले होते. ती कोणी केली, कोणाच्या आधाराने, किती वेळात, आणि करून पाहिली होती का, हे विचारलेले नव्हते.'